बदलाची डाळ : विमचे मोड आणि बाहेर पडायची वाट

गिट शिकणारा एखादा विद्यार्थी टर्मिनलवर पहिल्यांदा नुसतं `git commit` लिहून `Enter` दाबतो, तेव्हा बऱ्याच संगणकांवर त्याच्यासमोर एक अनोळखी पडदा उघडतो. सर्वांत वर एक कोरी ओळ, तिच्याखाली `#` ने सुरू होणाऱ्या सूचना, आणि फाईल संपल्यावर डाव्या कडेला एकाखाली एक `~` ची रांग. गिटला केलेल्या बदलाचं एका ओळीत वर्णन हवं असतं, हे विद्यार्थ्याला ठाऊक असतं. तो रोमन लिपीत `badal kela` असं टाइप करतो. पडद्यावर मात्र `dal kela` एवढंच उमटतं. बदल करायला गेला आणि डाळ झाली.

कीबोर्ड बिघडलेला नसतो. समोर उघडलेला कार्यक्रम विम हा एडिटर असतो आणि त्याने प्रत्येक कळ नेमकी ऐकलेली असते. विम उघडतो तो नॉर्मल मोडमध्ये. या मोडमध्ये कळ म्हणजे अक्षर नव्हे, हुकूम. `b` चा हुकूम आहे ‘एक शब्द मागे जा’. फाईलच्या सुरुवातीलाच उभं असल्यामुळे मागे जायला जागा नव्हती, म्हणून काहीच घडलं नाही. `a` चा हुकूम आहे ‘कर्सरच्या पुढे लिहायला सुरुवात कर’. तो मिळताच विम इन्सर्ट मोडमध्ये गेला, आणि तिथून पुढची सगळी अक्षरं, म्हणजे `dal kela`, इमानदारीने कागदावर उतरली. त्याने `hello world` लिहिलं असतं, तर `h`, `e`, `l`, `l` या चार कळांनी कर्सर इकडेतिकडे फिरला असता, `o` ने खाली एक नवी ओळ उघडली असती आणि तिच्यावर फक्त `world` दिसलं असतं, तेही आधी एक मोकळी जागा सोडून.

विमबद्दलचा बहुतेक गोंधळ या एका गोष्टीत सामावलेला आहे. वर्ड किंवा नोटपॅडमध्ये कळ दाबली की अक्षर येतं, हुकूम द्यायचे तर `Ctrl` दाबून ठेवावं लागतं किंवा मेनूत जावं लागतं. विमने हा क्रम उलटवला. इथे हुकूम देणं ही नेहमीची अवस्था आणि लिहिणं ही परवानगी घेऊन करायची गोष्ट. चार शब्द लिहायला आलेल्या माणसाला हे विक्षिप्त वाटणारच. पण प्रोग्रामर किंवा सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती दिवसभरात नवं लिहिते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जुनं वाचते, त्यात शोधते, एखादा शब्द बदलते, ओळ उचलून दुसरीकडे ठेवते. हा एडिटर त्या कामासाठी घडलेला आहे.

घडणीला काळाचंही कारण आहे. विमचा पूर्वज ‘व्हीआय’ हा एडिटर बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संकुलात लिहिला. त्याआधी युनिक्सवर ‘ईडी’ हा केन थॉम्पसन यांचा एडिटर चाले. त्यात फाईल समोर दिसतच नसे. ओळीचा क्रमांक सांगून हुकूम सोडायचा आणि कागदावर छापून येणारं उत्तर वाचायचं. जॉय यांनी ईडीच्या वळणाचा ‘ईएक्स’ नावाचा एडिटर तयार केला आणि त्याला अख्खं पान पडद्यावर दाखवणारी एक अवस्था जोडली. ती अवस्था म्हणजे व्हीआय. त्या वेळचा त्यांचा टर्मिनल एडीएम-3ए नावाचा होता. त्याला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. `h`, `j`, `k`, `l` या कळांवरच बाण छापलेले होते. आजही विममध्ये त्याच चार कळांनी डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाता येतं. त्या कीबोर्डवर `Esc` ची कळ आजच्या `Tab` च्या जागी, करंगळीच्या अगदी जवळ होती. आज ती पार कोपऱ्यात गेली आहे, आणि विम वापरणाऱ्यांच्या करंगळीला त्याची किंमत मोजावी लागते.

व्हीआयची सुधारित नक्कल म्हणून नेदरलँड्सच्या ब्रॅम मोलेनार यांनी अमिगा या घरगुती संगणकासाठी विम लिहायला घेतला. तो 1991 मध्ये लोकांच्या हाती आला, आणि 2023 मध्ये निधन होईपर्यंत मोलेनार त्याची देखभाल करत होते. पण फाईल साठवण्याचा `w` आणि बाहेर पडण्याचा `q` ही अक्षरं त्याहून जुनी, थेट ईडीपासून चालत आलेली आहेत. म्हणूनच ती नॉर्मल मोडच्या हुकुमांसारखी नुसती दाबून चालत नाहीत. आधी `:` दाबून ईएक्सची जुनी हुकुमाची ओळ उघडावी लागते. तिला कमांड-लाइन मोड म्हणतात.

नवख्याने सुरुवातीला हे तीनच मोड लक्षात ठेवावेत : नॉर्मल, इन्सर्ट आणि कमांड-लाइन. आपण कुठे आहोत हे सांगणारी पाटी पडद्याच्या तळाशी असते. तिथे `-- INSERT --` दिसत असेल, तर दाबलेली कळ अक्षर म्हणून उमटेल. तळाच्या ओळीची सुरुवात `:` ने होत असेल, तर हुकूम लिहिला जात आहे आणि तो `Enter` दाबल्यावर लागू होईल. दोन्हींपैकी काहीच नसेल, तर बहुधा नॉर्मल मोड आहे. कोणत्याही मोडमधून नॉर्मलला यायचं तर `Esc`. आधीच नॉर्मलमध्ये असताना ती दाबली, तरी फार तर एक ‘टुक’ आवाज येतो. त्यामुळे शंका आली की `Esc` दोनदा दाबायला काहीच हरकत नाही.

आता ती डाळ पुन्हा बदल करून पाहू. `dal kela` लिहून झाल्यावर तळाशी `-- INSERT --` असेल. `Esc` दाबली की ती पाटी जाते आणि कर्सर एक घर मागे सरकून शेवटच्या `a` वर बसतो. हे मागे सरकणं नवख्यांना खटकतं, पण त्यात चूक नाही. इन्सर्टमध्ये कर्सर दोन अक्षरांच्या मधे असतो, तर नॉर्मलमध्ये त्याला कोणत्या तरी अक्षरावर बसावं लागतं. आता `0` दाबलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला, `d` वर येतो. मग `i` दाबायचं. `a` कर्सरच्या पुढे लिहू देतो, `i` कर्सरच्या अलीकडे. `ba` लिहून पुन्हा `Esc` दाबली की ओळ `badal kela` अशी पुरी होते. शेवटी `:wq` लिहून `Enter`. `w` फाईल लिहितो, `q` बाहेर काढतो, आणि गिट तो संदेश घेऊन कमिट पूर्ण करतो.

खऱ्या कामात विमची चाल कशी असते, हे सेटिंगच्या एका छोट्या फाईलवरून जास्त नीट दिसतं. समजा `vim app.conf` लिहिल्यावर समोर या दोन ओळी आल्या:

```
port = 8080
timeout = 30
```

पोर्टचा आकडा 9090 करायचा आहे, दुसरी ओळ काढून टाकायची आहे आणि तिच्या जागी `log = yes` ही ओळ हवी आहे. कर्सर `port` च्या `p` वर आहे. `w` म्हणजे पुढच्या शब्दावर उडी. विम `=` या चिन्हालाही एक शब्द मानतो, म्हणून `w` दोनदा दाबल्यावर कर्सर `8080` वर पोचतो. आता `cw`. यातला `c` म्हणजे ‘बदल’ आणि `w` म्हणजे ‘इथून शब्दाच्या शेवटापर्यंत’. जुना आकडा नाहीसा होतो आणि विम आपसूक इन्सर्ट मोडमध्ये जातो. `9090` लिहून `Esc`.

`j` दाबून खालच्या ओळीवर उतरायचं आणि `dd` दाबून ती अख्खी ओळ उडवायची. ती शेवटची ओळ होती, म्हणून कर्सर आपोआप वरच्या ओळीवर येतो. `o` दाबलं की तिच्याखाली नवी ओळ उघडते आणि इन्सर्ट मोड सुरू होतो. `log = yes` लिहून पुन्हा `Esc`, मग `:w` आणि `Enter`. तळाशी विमची पावती येते:

```
"app.conf" 2L, 22B written
```

म्हणजे दोन ओळी, बावीस बाइट, लिहून झाल्या. जुन्या आवृत्त्यांत `B` च्या जागी `C` दिसतं. फाईल साठवली गेली की नाही, याचा पुरावा ही ओळ. ती दिसली नाही, तर काम साठवलेलं नाही असंच धरून चालावं.

या फेरफारात इन्सर्ट मोडमध्ये राहण्याचा वेळ किती थोडा होता, हे पाहण्यासारखं आहे. आत जायचं, चार अक्षरं लिहायची, लगेच बाहेर यायचं. तासन्‌तास इन्सर्टमध्येच मुक्काम ठोकून बाणांच्या कळांनी फिरणाऱ्याला विम त्रासदायक वाटतो, आणि तसं वापरायचं असेल तर दुसरा कोणताही साधा एडिटर बरा. या सवयीचा आणखी एक फायदा चूक मागे घेताना होतो. `u` ही कळ शेवटचा बदल रद्द करते, आणि विमच्या हिशेबी इन्सर्टमध्ये शिरल्यापासून `Esc` दाबेपर्यंत सलग लिहिलेलं सगळं मिळून एकच बदल असतो. अर्धा तास न थांबता लिहिलेला मजकूर एका `u` ने नाहीसा होऊ शकतो. तो परत आणायला `Ctrl-R`.

क्रियापद आणि अंतर यांची जोडी हे नॉर्मल मोडचं खरं व्याकरण. `d` म्हणजे काढ, `c` म्हणजे बदल, `y` म्हणजे नक्कल घे. त्यांच्यापुढे `w` जोडला तर शब्द, `$` जोडला तर ओळीच्या शेवटापर्यंत, आणि तेच अक्षर दोनदा दाबलं तर पूर्ण ओळ. `d` ने काढलेलं किंवा `y` ने उचललेलं `p` ने दुसरीकडे ठेवता येतं. किती काढायचं ते आधी डोळ्यांनी पाहायचं असेल, तर `v` दाबून व्हिज्युअल मोडमध्ये जायचं, कर्सर हलवत मजकूर उजळवायचा आणि मग `d` किंवा `y`. पहिल्या आठवड्याला एवढी शिदोरी पुष्कळ झाली.

अडकण्याची जागा बहुतेकदा दारातच असते. ‘विममधून बाहेर कसं पडायचं?’ हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर 2012 मध्ये विचारला गेला, आणि 2017 पर्यंत तो दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. यातली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे इन्सर्ट मोडमध्ये असतानाच `:wq` लिहिणं. मग ती तीन चिन्हं हुकूम न होता मजकुरात जाऊन बसतात. अशी अनाथ `:wq` सेटिंगच्या फायलींत राहून गेली, तर पुढे तो कार्यक्रमच सुरू होत नाही आणि कारण शोधताना डोकं उठतं. आधी `Esc`, मग `:`, आणि `:` पडद्याच्या तळाशी उमटला याची खात्री, हा क्रम हातात बसला की ही चूक होत नाही.

दुसरी अडचण विमच्या काळजीतून येते. काही बदल केला आणि न साठवता `:q` म्हटलं, तर तो अडवतो:

```
E37: No write since last change (add ! to override)
```

बदल साठवलेले नाहीत, तरीही जायचं असेल तर उद्गारचिन्ह जोडा, एवढंच तो सांगतो आहे. `:q!` म्हणजे ‘केलेलं सगळं टाकून दे आणि मला जाऊ दे’. फाईलमध्ये काय गडबड झाली हेच कळेनासं झालं, तर हा सर्वांत सुरक्षित मार्ग. मूळ फाईल शेवटच्या `:w` नंतर जशी होती तशीच राहते.

गिटच्या बाबतीत मात्र एक खोच आहे. नव्या कमिटचा संदेश कोरा ठेवून `:q!` केलं, तर गिट कमिट रद्द करतो. पण `git commit --amend` ने जुनं कमिट दुरुस्त करायला घेतलं असेल, तर फाईलमध्ये जुना संदेश आधीच भरलेला असतो. अशा वेळी `:q!` केलं की विम बंद होतो, गिटला भरलेला संदेश दिसतो आणि दुरुस्ती बिनबोभाट पार पडते. विचार बदलला म्हणून बाहेर पडलेल्याला वाटतं की काहीच झालं नाही. तिथे `:cq` वापरावं. तो विमला ‘काम फसलं’ असा निरोप मागे ठेवून बंद करतो आणि गिट माघार घेतो.

सर्व्हरवरची `/etc` मधली एखादी फाईल साध्या वापरकर्त्याने उघडली, की वेगळाच पेच पडतो. बदल करून `:w` म्हटलं तर `E45` येतो, फाईल फक्त वाचण्यासाठी आहे म्हणून. त्यावर हट्टाने `:w!` केलं तर `E212: Can't open file for writing`. इथे उद्गारचिन्हाचा जोर चालत नाही, कारण नकार विमचा नसून ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे. मेहनत वाया जाऊ द्यायची नसेल, तर `:w ~/navin.conf` असं लिहून मजकूर स्वतःच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने साठवावा, `:q!` ने बाहेर पडावं आणि मग `sudo` वापरून तो योग्य जागी न्यावा.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. इन्सर्ट मोडमध्ये इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी मजकूर लिहिला, `Esc` दाबली, आणि कीबोर्ड मराठीतच राहिला. आता `i` च्या कळेवरून विमला ‘ग’ मिळतो आणि `:` च्या कळेवरून ‘छ’. नॉर्मल मोडला ‘छ’ नावाचा हुकूम माहीत नाही, म्हणून तो गप्प बसतो आणि वापरणाऱ्याला वाटतं, विम गोठला. कीबोर्ड इंग्रजीवर आणला की सगळं सुरळीत. `Caps Lock` चालू राहण्याचा त्रास याच जातीचा. `j` खाली नेतो, पण मोठा `J` खालची ओळ वर ओढून दोन ओळी एक करतो. आणि `:Q` लिहिलं तर `E492: Not an editor command: Q` असं उत्तर येतं.

बाकी काही प्रसंग ओळखता आले म्हणजे झालं. तळाशी `recording @w` असं काही दिसलं, तर `:` न दाबता `q` दाबला गेला आहे आणि विम कळांची नोंद करतो आहे. पुन्हा `q` दाबला की नोंद थांबते. घाईत `:q` ऐवजी `q:` दाबलं, तर खाली जुन्या हुकुमांची एक छोटी खिडकी उघडते. तिच्यातही `:q` आणि `Enter` चालतं. वर्डच्या सवयीने `Ctrl-S` दाबलं, तर बऱ्याच टर्मिनलांवर पडदा थिजतो. टर्मिनलने फक्त दाखवणं थांबवलेलं असतं, ऐकणं नव्हे. म्हणून घाबरून आणखी कळा बडवू नयेत, त्या सगळ्या विमपर्यंत पोचतात. `Ctrl-Q` ने पडदा पुन्हा हलू लागतो. `Ctrl-Z` ने तर विम गायबच होतो आणि टर्मिनलची ओळ परत दिसते. तो बंद झालेला नसतो, पार्श्वभूमीला थांबलेला असतो. `fg` लिहिलं की जिथे होता तिथे परत येतो.

आणि काहीच जमलं नाही म्हणून टर्मिनलची खिडकीच बंद केली तर? विम काम करताना त्याच फोल्डरमध्ये एक लपलेली स्वॅप फाईल ठेवतो, उदाहरणार्थ `.app.conf.swp`. खिडकी अशी बंद झाली की ती मागे उरते, आणि पुढच्या वेळी तीच फाईल उघडताना `E325: ATTENTION` हे लांबलचक पान समोर येतं. त्यात तारीख, वेळ आणि शेवटी पर्याय असतात. ती फाईल दुसऱ्या एखाद्या खिडकीत खरोखरच उघडी असेल, तर `q` दाबून माघार घ्यावी आणि त्या खिडकीत जावं. तसं नसेल आणि आधीचं न साठवलेलं काम परत हवं असेल, तर `r`. मजकूर नीट परत आला आहे हे पाहून `:w` करावं, विममधून बाहेर पडावं आणि ती स्वॅप फाईल आपल्या हाताने `rm .app.conf.swp` असं लिहून काढून टाकावी. नाहीतर काम साठवून झाल्यावरही दर वेळी तेच पान समोर येत राहतं. जुनं काम नकोच असेल, तर त्याच पानावर `d` दाबलं की स्वॅप फाईल पुसली जाते आणि मूळ फाईल उघडते.

सरावासाठी विमबरोबर `vimtutor` नावाचा धडा येतो. टर्मिनलवर तो शब्द लिहिला की धड्याची एक तात्पुरती प्रत उघडते, तिच्यात कितीही मोडतोड केली तरी मूळ धडा शाबूत राहतो, आणि अर्ध्या तासात कर्सर हलवण्यापासून ओळी उडवण्यापर्यंतचे हुकूम हाताखालून जातात. ज्यांना एवढाही वेळ द्यायचा नाही आणि फक्त गिटपुरती सुटका हवी आहे, त्यांनी एकदा ही ओळ चालवावी. संगणकावर `nano` असेल, तर पुढच्या `git commit` ला विमऐवजी तो उघडेल:

```
git config --global core.editor nano
```